मधुमेहात दूध, दही, ताक की पनीर? कशाने साखर किती वाढते हे ओळखण्याची पद्धत

मधुमेहाचे निदान झाल्यानंतर घरातील दुधाविषयी पहिला बदल बहुतेक ठिकाणी एकच होतो. म्हशीचे दूध बंद करून गाईचे किंवा टोन्ड दूध सुरू केले जाते आणि साखरेच्या दृष्टीने आवश्यक ते झाले, असे समजले जाते. प्रत्यक्षात या बदलाने दुधातील स्निग्धांश कमी होतो, साखर कमी होत नाही. रक्तातील साखरेच्या दृष्टीने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: दुधात मुळात असलेली साखर या पदार्थात कितपत शिल्लक आहे, आणि तो पदार्थ तयार होताना त्यात बाहेरून काय घातले गेले? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की दूध, दही, ताक, पनीर आणि त्यांपासून होणाऱ्या पदार्थांचा क्रम आपला आपल्याला लावता येतो. नुकतेच निदान झालेल्यांनी आणि त्यांच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्यांनी तो कसा लावावा, हे पुढे पायरीपायरीने दिले आहे.

पायरी १: दुधातील मूळ साखर ओळखावी

दुधात नैसर्गिकरीत्या असणाऱ्या साखरेला लॅक्टोज किंवा दुग्धशर्करा म्हणतात. गाईचे असो वा म्हशीचे, १०० मिलिलिटर दुधात ती साधारण ५ ग्रॅम असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १० ग्रॅम. फुल क्रीम दुधात ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात १.५ टक्के स्निग्धांश असतो. लॅक्टोज मात्र या तिन्हींत जवळपास सारखेच असते. त्यामुळे पिशवी बदलल्याने उष्मांक कमी होतात, वजन आणि कोलेस्टेरॉल यांच्या दृष्टीने त्याचा उपयोगही होऊ शकतो, परंतु जेवणानंतरच्या साखरेत त्याने फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. उलट, स्निग्धांशामुळे जठर थोडे सावकाश रिकामे होते, म्हणून साय काढलेले दूध रिकाम्या पोटी घेतल्यास साखर किंचित लवकर वर जाऊ शकते. याचा अर्थ सायीचे दूध घ्यावे असा नाही. स्निग्धांशाचा निर्णय वजन आणि हृदयाचे आरोग्य पाहून करावा, साखरेचा निर्णय मापावरून करावा, एवढाच.

हे १० ग्रॅम किती मोठे मानायचे? लॅक्टोजच्या रेणूत निम्मे ग्लुकोज आणि निम्मे गॅलॅक्टोज असते. गॅलॅक्टोजचा मोठा भाग यकृत आपल्याकडे घेते आणि तो लगेच रक्तातील ग्लुकोज म्हणून दिसत नाही. मध्यम आकाराच्या पोळीतील सुमारे १५ ग्रॅम पिष्ट पचल्यावर जवळजवळ सर्व ग्लुकोजच होते, हे लक्षात घेतले तर बिनसाखरेचा पेलाभर दूध हा साखर फार वेगाने वाढवणारा पदार्थ का नाही, हे कळते. दुधातील प्रथिने इन्शुलिनचा स्राव वाढवतात, त्याचाही टाइप २ मधुमेहात काही प्रमाणात उपयोग होतो. टाइप १ मध्ये शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ तयार करत नसल्याने तो लाभ नसतो, आणि तेथे पेलाभर दुधाची १० ग्रॅम कर्बोदके इन्शुलिनच्या हिशेबात धरावीच लागतात.

दूध उकळून आटवले की पाणी जाते, लॅक्टोज जात नाही. लिटरभर दूध निम्मे आटवले तर प्रत्येक वाटीत साखर दुप्पट होते. घरात दूध तीन-चारदा उकळून दाट करण्याची सवय असेल, तर एक वाटी म्हणून घेतलेले दूध दीड वाटीच्या बरोबरीचे होऊ शकते. मापाच्या पेल्याने मोजतानाही हे ध्यानात ठेवावे.

पायरी २: लॅक्टोज कुठे गेले, याचा माग घ्यावा

दही लागताना विरजणातील जिवाणू लॅक्टोज खातात आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. दह्याचा आंबटपणा त्या आम्लाचा. तथापि हे जिवाणू सगळे लॅक्टोज संपवत नाहीत. आम्ल एका मर्यादेपलीकडे वाढले की त्यांचे काम मंदावते, आणि तोपर्यंत दुधातील लॅक्टोजचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच खर्च झालेला असतो. म्हणून १०० ग्रॅम दह्यात ३.५ ते ४ ग्रॅम साखर उरते असे धरून चालावे. नुकतेच लागलेले गोड दही या टप्प्याच्या वरच्या बाजूला आणि चांगले आंबलेले दही खालच्या बाजूला असते; फरक असतो, पण आंबट दही म्हणजे साखरमुक्त दही नव्हे. दह्याचा खरा लाभ दुहेरी आहे: साखर थोडी कमी आहे, आणि घट्टपणामुळे ते दुधापेक्षा सावकाश पुढे सरकते.

ताकाचे गणित पूर्णपणे पाण्यावर आहे. एक वाटी म्हणजे १०० ग्रॅम दह्यात ३०० मिलिलिटर पाणी घालून घुसळले, तर दोन पेले ताक होते आणि प्रत्येक पेल्यात जेमतेम २ ग्रॅम साखर येते. दुधाच्या पेल्याशी तुलना केली तर हा पाचवा हिस्सा झाला. घुसळून लोणी काढून घेतले असेल तर उष्मांकही कमी होतात. येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे: पातळ ताकात प्रथिने आणि कॅल्शियमही त्याच प्रमाणात कमी असतात. दिवसभर ताक प्यायल्याने दुधाची भरपाई झाली, असे मानता येत नाही.

पनीरमध्ये लॅक्टोजचा मोठा भाग घराबाहेर नव्हे, पण पनीरबाहेर जातो. दूध फाडल्यावर जे हिरवट-पिवळसर पाणी, म्हणजे निवळी, वेगळे होते, त्यात बहुतेक लॅक्टोज विरघळलेले असते. फडक्यात बांधून दाबलेल्या १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण २ ते ३ ग्रॅम कर्बोदके आणि १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने उरतात. म्हणजे जेवणात घेतलेल्या ५०-६० ग्रॅम पनीरचा साखरेवरील थेट परिणाम नगण्य असतो. परंतु त्याच १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो, म्हणून पनीर साखरेच्या दृष्टीने हलके आणि उष्मांकांच्या दृष्टीने जड आहे. वजन कमी करायचे असणाऱ्यांनी ते डाळीच्या किंवा उसळीच्या जोडीला न घेता त्यांच्या जागी घ्यावे.

निवळीविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक वाटते, कारण ती पौष्टिक म्हणून पिण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. दूध उकळत्या स्थितीत फाडल्यामुळे निवळीतील प्रथिनांचा बराच भाग पनीरमध्येच अडकतो, आणि पेल्यात उरते ते प्रामुख्याने पाणी, खनिजे आणि लॅक्टोज. म्हणून निवळीचा एक पेला साखरेच्या दृष्टीने दुधाच्या पेल्याएवढाच धरावा, आणि त्यात वेग मंदावणारा स्निग्धांश नाही हेही लक्षात ठेवावे. कणीक भिजवण्यासाठी ती वापरण्यास हरकत नाही. पेलाभर निवळीत चार जणांच्या पोळ्यांची कणीक भिजवली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच ग्रॅम साखर येते.

चक्का दही आणि पनीर यांच्या मधला आहे. दही टांगल्यावर पाण्याबरोबर लॅक्टोज गळून जाते आणि प्रथिने एकवटतात. बिनसाखरेचा चक्का, त्यात काकडी, लसूण, मिरपूड घालून केलेले तोंडीलावणे मधुमेहात फार सोयीचे पडते, आणि तरीही आपल्या घरांत चक्का म्हटले की श्रीखंडच आठवते याची खंत वाटते.

पायरी ३: बाहेरून घातलेली साखर वेगळी मोजावी

ज्या प्रकारांनी साखर सर्वाधिक वाढते, ते सगळे या पायरीत सापडतात. अर्धा किलो चक्क्यात ४०० ग्रॅम साखर घालून केलेले श्रीखंड घ्या. मूळ चक्का निर्धोक होता, पण तयार श्रीखंडाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४४ ग्रॅम घातलेली साखर आहे. बासुंदीत दोन्ही बाजूंनी भर पडते: लिटरभर दुधातील ५० ग्रॅम लॅक्टोज आटून अर्ध्या लिटरमध्ये आले आणि त्यात १०० ग्रॅम साखर घातली, तर एका लहान वाटीत ३० ग्रॅम साखर होते. खव्याचे पेढे, मसाला दूध, गोड लस्सी, पियूष, चिकूचे मिल्कशेक हे सर्व याच गटात येतात. गुळाने किंवा मधाने गोड केल्याने हिशेब बदलत नाही.

याहून जास्त फसवणूक करतात त्या लहान मात्रा. कोशिंबिरीतील चमचाभर साखर, कढीतील गुळाचा खडा, लग्नातल्या मठ्ठ्यातील साखर, रात्रीच्या हळदीच्या दुधातील गूळ यांची नोंद कुणी ठेवत नाही. तसेच दूध आणि दही ज्या पदार्थाबरोबर जाते, तो पदार्थ बहुधा खरा कारण असतो. दहीभात खाल्ल्यावर साखर वाढली तर वाटीभर दह्यातील ४ ग्रॅमकडे नव्हे, मोठी वाटीभर भातातील ४० ग्रॅमकडे पाहावे. हॉटेलातील पनीरच्या भाजीतही पनीरपेक्षा काजूची गोडसर ग्रेव्ही आणि सोबतचा मैद्याचा नान यांचा वाटा कितीतरी मोठा असतो.

विकतच्या वस्तूंसाठी वेष्टनावरील एक ओळ पुरेशी आहे. साध्या दुधाच्या तक्त्यात १०० मिलिलिटरला एकूण साखर ५ ग्रॅमच्या आसपास दिसते. सुगंधी दूध, फळांचे दही किंवा लस्सी यांच्या तक्त्यात ती १२ ग्रॅम दिसली, तर साधारण ७ ग्रॅम बाहेरून आली असे समजावे. ‘अतिरिक्त साखर’ ही ओळ स्वतंत्र छापलेली असेल तर तीच पाहावी. लॅक्टोजविरहित दुधाबाबत मात्र या तक्त्यावरून गोंधळ होतो. त्यातील लॅक्टोज काढून टाकलेले नसते, ते विकराने आधीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये फोडलेले असते. ज्यांना दूध पचत नाही त्यांना ते उपयोगी आहे, परंतु मधुमेहात त्याची कर्बोदके साध्या दुधाएवढीच धरावीत.

सुटे पनीर घेताना आणखी एक शंका असते. वनस्पती तेल, दूध पावडर आणि कधी कधी पिष्ट वापरून पनीरसारखा दिसणारा पदार्थ विकला जातो, आणि पिष्ट असेल तर पनीरविषयीचा वरचा हिशेब कोसळतो. लहान तुकडा पाण्यात उकळावा, पाणी पूर्ण गार होऊ द्यावे आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. रंग निळा झाला तर पिष्ट आहे. रंग निळा न झाल्यास पिष्ट नाही एवढेच कळते. तेलाची भेसळ या चाचणीत उघड होत नाही.

पायरी ४: एका दिवसाचा हिशेब मांडावा

समजा, साठीच्या एक गृहिणी आहेत, त्यांना टाइप २ मधुमेह आहे. त्या दिवसातून तीन कप चहा घेतात, प्रत्येक कपात ६० मिलिलिटर दूध आणि दोन लहान चमचे म्हणजे ८ ग्रॅम साखर. दुपारी वाटीभर दही चमचाभर साखर घालून, आणि रात्री झोपताना २०० मिलिलिटर हळदीचे दूध, त्यात साधारण ९ ग्रॅम गूळ. त्यांना वाटते की दुधाने साखर वाढते, म्हणून दूध बंद करावे.

हिशेब असा निघतो. तीन कप चहातील दुधाचे लॅक्टोज ९ ग्रॅम, दह्यातील ४ ग्रॅम, रात्रीच्या दुधातील १० ग्रॅम, एकूण २३ ग्रॅम. घातलेली साखर चहात २४ ग्रॅम, दह्यावर ४ ग्रॅम आणि गूळ ९ ग्रॅम, एकूण ३७ ग्रॅम. म्हणजे दूध पूर्ण बंद करूनही मोठा भाग तसाच राहिला असता, आणि प्रथिने व कॅल्शियम मात्र गेले असते. त्यांनी प्रथम चहातील साखर आणि गूळ थांबवावा. दही मीठ-जिऱ्याचे करावे. त्यानंतर रात्रीचे दूध पाहावे: भरपेट जेवणानंतर झोपताना घेतलेले ते १० ग्रॅम आधीच चढत्या साखरेत भर घालतात, म्हणून तोच पेला सकाळच्या न्याहारीत एका भाकरीच्या जागी हलवणे अधिक सोयीचे. चहा, दही आणि हा पेला मिळून त्यांचे दुधाचे माप दिवसाला पावणेपाचशे मिलिलिटरच्या आसपास जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारमार्गदर्शनात सर्वसाधारण प्रौढासाठी दिवसाला सुमारे ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरलेले आहे. तेथपर्यंत यायचे तर दुपारच्या दह्याचे ताक करावे आणि तिसरा चहा कोरा घ्यावा किंवा सोडावा, आणि सकाळचा पेला दीडशे मिलिलिटरवर आणावा.

पायरी ५: स्वतःच्या ग्लुकोमीटरवर खात्री करावी

वरील आकडे सर्वांना लागू असणारी सरासरी आहेत. प्रत्येकाचा प्रतिसाद वेगळा असतो, आणि तो पाहण्याची रीत सोपी आहे. दुपारच्या जेवणानंतर चार तासांनी, म्हणजे संध्याकाळी, प्रथम हात साबणाने धुऊन साखर मोजावी. बोटाला लागलेली फळाची किंवा साखरेची चिकट खूणही खोटा वाढीव आकडा दाखवते. नंतर २०० मिलिलिटर बिनसाखरेचे दूध, सोबत काहीही न खाता, घ्यावे आणि एका तासाने व दोन तासांनी पुन्हा मोजावे. द्रव पदार्थाचा चढ अनेकदा पहिल्या तासातच येऊन जातो, म्हणून फक्त दोन तासांचा आकडा पाहिल्यास दूध निर्दोष ठरते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दही, तिसऱ्या दिवशी ताक, याप्रमाणे तुलना करावी. सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी शरीराचा प्रतिसाद सारखा नसतो, त्यामुळे वेळ बदलू नये, आणि या चाचणीसाठी औषध कधीही टाळू नये.

आकडे वाचताना संयम ठेवावा. घरगुती ग्लुकोमीटरला १०० च्या वरच्या आकड्यांत सुमारे १५ टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा मानकांनी दिलेली आहे. दुधानंतर १५२ आणि दह्यानंतर १४५ आले, तर त्यावरून दही चांगले असा निष्कर्ष निघत नाही. दोन-तीन वेळा करूनही फरक ३०-४० चा राहिला तर तो खरा मानावा. बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतरची साखर १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असते. वय, गरोदरपण आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलतात.

कोणी आधी विचारून बदल करावा

मूत्रपिंडाचा आजार असल्यास दूध, दही आणि पनीर यांतील फॉस्फरस, पोटॅशियम आणि प्रथिने यांची मर्यादा वेगळी असते, आणि वरील मापे तेथे लागू होत नाहीत. रक्तदाब असल्यास ताकातील मिठाकडे पाहावे. विकतचे मसाला ताक रोज दोन-तीन पेले घेणाऱ्यांनी वेष्टनावरील सोडियमचा आकडा वाचावा आणि शक्य तर घरी मिठाऐवजी जिरेपूड, आले आणि कोथिंबीर घालून ताक करावे.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. दूध काढून ताक आणि पनीर आणले, चहातील साखर थांबवली आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर साखर ७० च्या खाली जाण्याची शक्यता वाढते. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक आणि गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. अशा वेळी पेलाभर ताक देण्याकडे घरच्यांचा कल असतो, पण ताकातील २ ग्रॅम साखर पुरत नाही आणि पनीर तर काहीच करत नाही. चार लहान चमचे साखर म्हणजे साधारण १५ ग्रॅम पाण्यात विरघळवून द्यावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर ही औषधे साखरेचे पचन रोखतात, म्हणून त्या रुग्णांना साखरेऐवजी ग्लुकोज पावडरच द्यावी आणि ती घरात आधीपासून आणून ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर असेल तर १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, ७० च्या वर आली नसेल तर तीच मात्रा परत द्यावी. आणि आकडा सावरल्यानंतर पुढच्या जेवणाला तासाहून अधिक अवकाश असेल, तर अर्धी भाकरी आणि पेलाभर दूध द्यावे, कारण सावकाश वाढणारी साखर या टप्प्यावरच उपयोगाची असते.